झाकली मूठ सव्वाचार लाखांची

लग्न ठरवताना आपल्याकडे छत्तीसपैकी गुण किती जुळतात ते पाहतात. गण पाहतात, नाडी पाहतात, मंगळ असला तर तो सौम्य आहे की कडक याची चर्चा करतात. मुलाचा पगार विचारतात, आणि तो सांगितला की ‘हातात किती येतो?’ असा उपप्रश्न येतो. मुलीला भाकरी येते का, हे विचारणं आता मागं पडलं असलं तरी तिचं पॅकेज विचारायला कुणी लाजत नाही. मात्र ‘कर्ज किती?’ हा प्रश्न कांदेपोह्यांच्या एकाही बैठकीत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. पगार विचारला तर ती चौकशी, आणि कर्ज विचारलं तर तो अपमान, अशी आपल्या सभ्यतेची वाटणी झालेली आहे. त्यामुळे मुलाच्या शनीला सातव्या स्थानी कुणी बसवलं याची माहिती दोन्ही घरांना असते, पण त्याच्या हप्त्याला पाच तारखेला कुणी बसवलं हे फक्त बँकेला ठाऊक असतं. बँकेकडेही एक पत्रिका असते. तिला सिबिल म्हणतात. तिथं गुण छत्तीसपैकी नसून नऊशेपैकी मिळतात, आणि अगदी ज्यानं सगळं बुडवलं त्यालाही तीनशे मिळतात. इतकं उदार परीक्षा मंडळ दुसरं नाही.

आता लपवलेल्या कर्जाकडे आपण नीतीच्या चष्म्यातून पाहतो. नवऱ्यानं बायकोपासून कर्ज लपवलं म्हणजे विश्वासघात, बायकोनं लपवलं तर तिला ‘डोक्यावर चढवलं’ याचा पुरावा. माझं म्हणणं याहून बरंच रुक्ष आहे. कबुलीजबाबाचा प्रेमाशी संबंध असेल, नसेल. त्याचा व्याजदराशी नक्की आहे. लपवलेल्या कर्जाला दोन व्याजं लागतात. एक सावकार घेतो, दुसरं गुपित घेतं, आणि हे दुसरं कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं. ते मोजायचं तर दोघांचे कागद एका टेबलावर यावे लागतात, आणि ते तसे येऊ नयेत म्हणूनच तर सगळा खटाटोप चाललेला असतो.

हे पटवायला एक जोडपं घेऊ. ते मी बनवलेलं आहे, पण अशी हुबेहूब जोडपी डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत दर मजल्याला सापडतील. लग्नाला चौदा महिने झालेत. त्याच्या हातात ५२,००० येतात, तिच्या ४१,०००. घर भाड्याचं, वन बीएचके. त्यात गुपित ठेवायला जागा म्हणजे बाल्कनी आणि फ्रिजचा माथा. लग्नाच्या वेळी त्यानं ‘बोनस चांगला मिळाला’ असं सांगून हॉल, घोडा आणि तीन प्रकारच्या आइस्क्रीमचा खर्च उचलला होता. तो बोनस म्हणजे वैयक्तिक कर्ज होतं: तीन लाख, सोळा टक्के, छत्तीस हप्ते, महिन्याला १०,५४७. चौदा हप्ते भरून झाले, म्हणजे दीड लाखाच्या आसपास रक्कम गेली, आणि मुद्दल उतरलं लाखानं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज पुढच्या पाटावर बसतं आणि मुद्दल मागच्या पंगतीत ताटकळतं, हा हप्त्यांचा स्वभावच आहे. तर त्याच्या नावावर अजून दोन लाख. शिवाय घराचं डिपॉझिट भरताना मामांकडून घेतलेले ४५,०००, बिनव्याजी.

तिच्याकडे काय आहे? एक क्रेडिट कार्ड, त्यावर ८०,००० थकलेले. त्यात उधळपट्टी फारशी नाही. वॉशिंग मशीन, सासूबाईंच्या दाताचं काम (हे तिनं ‘ऑफिसच्या विम्यातून झालं’ म्हणून सांगितलं) आणि दोन-तीन दिवाळ्या पुरतील एवढे पडदे. दुसरं कर्ज आणखी नाजूक जागचं: भावाची कॉलेजची फी भरायला लग्नातल्या पाटल्या गहाण ठेवून घेतलेले एक लाख. बारा टक्के, मुदत एक वर्ष, मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम. त्यातले सात महिने सरलेत. पाटल्या ‘लॉकरमध्ये’ आहेत, आणि हे तसं खोटंही नाही. लॉकर फक्त दुसऱ्याचा आहे. बेरीज केली तर दोन लाख, पंचेचाळीस हजार, ऐंशी हजार आणि एक लाख. सव्वाचार लाख. झाकली मूठ सव्वा लाखाची असते असं आपण म्हणतो, पण दोन मुठी शेजारी शेजारी झाकून ठेवल्या की महागाई वाढते.

अशा घरात संशय येत नाही असं नाही, पण तो चुकीच्या माणसावर येतो. लपवलेल्या कर्जाची आणि लपवलेल्या प्रेमाची लक्षणं तंतोतंत सारखी असतात. फोन टेबलावर पालथा ठेवणं, अनोळखी नंबर आला की बाल्कनीत जाणं, कुरिअरवाला आला की धावत जाऊन दार उघडणं, महिन्याच्या ठरावीक तारखेला उदास होणं. त्यामुळे नवरा पाच तारखेला गप्प असला की बायकोला ऑफिसातली कुणी आठवते. प्रत्यक्षात त्याला ‘खात्यात पुरेशी रक्कम ठेवा’ हा मेसेज आठवत असतो. वसुलीवाल्याची निष्ठा तर प्रियकरालाही लाजवील अशी. तो वेळेवर फोन करतो, कुठं आहात विचारतो, तारीख कधी विसरत नाही. दोन्हींत फरक ओळखायची एकच खूण आहे. घर घ्यायचा विषय काढा. प्रेमात पडलेला माणूस नको म्हणताना कारणं देईल. कर्जात पडलेला माणूस ‘दोघांच्या नावावर कशाला?’ एवढंच विचारील.

आपल्या जोडप्यातही विषय तिथंच फुटला. फ्लॅट बघून झाला, गृहकर्जाच्या अर्जावर दोघांची नावं घालायचं ठरलं, आणि बँकेतल्या पोरानं दोघांचे पॅन मागितले. पॅन दिला की पत्रिका निघते. त्यात कुठलं कर्ज कधी घेतलं, किती उरलं, कुठला हप्ता किती दिवस उशिरा गेला, इतकंच नाही तर कुठकुठल्या बँकेच्या दारात कर्जासाठी कधी डोकावलात, तेही असतं. पोटात ठेवलेली गोष्ट असा परका पोरगा काउंटरवरून मोठ्यानं वाचणार, ही कल्पना दोघांनाही सोसवेना. म्हणून आदल्या रात्री, भाजी निवडता निवडता, तिनं सुरुवात केली. “तुला एक सांगायचंय.” त्याच्या हातातली मेथीची काडी थांबली. “रागावू नकोस,” ती म्हणाली. “लग्नाआधीचं आहे?” त्यानं विचारलं. “थोडं आधीचं, थोडं नंतरचं.” त्याचा चेहरा उतरला. “कोण आहे?” तिनं बँकेचं नाव सांगितलं. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं तिथल्या तिथं स्वतःच्या दोन लाखांची कबुली देऊन टाकली, आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. पाऊण तास भांडण, पंधरा मिनिटं अबोला. त्यानंतर मेथी करपली. ती पाहायला दोघंही ओट्यापाशी एकदमच गेले.

इथं कुणी म्हणेल की हे भांडणच तर टाळायचं होतं. एकानं गुपचूप फेडून टाकलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं आणि मेथीही वाचली असती. हा आक्षेप सगळ्यांत जुना आणि दिसायला सगळ्यांत शहाणा आहे, म्हणून त्याचा हिशेब सावकाश करू. तिच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. ऐंशी हजारांवर महिन्याचं व्याज २,८००. या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, ५०४. झाले ३,३०४. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे ४,००० छापलेले असतात, आणि ती दर महिन्याला इमानेइतबारे तेवढे भरत होती. चार हजारांतून ३,३०४ वजा केले तर कर्जातून उतरले ६९६ रुपये. याच चालीनं, कार्ड एकदाही नव्यानं न घासता ती दरमहा पाच टक्के भरत राहिली, तर ऐंशीचे चाळीस हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतील. तोवर वॉशिंग मशीन बिघडलेलं असेल आणि पडदे फाटलेले असतील. शिवाय कार्डाचा एक अलिखित वाटणारा पण अटींत लिहिलेला नियम आहे: जुनं पूर्ण फेडलं नसेल, तर नव्या खरेदीला पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. तिनं कार्डावर घेतलेल्या कोथिंबिरीच्या जुडीलाही पहिल्या दिवसापासून बेचाळीस टक्के. गुपचूप फेडणं म्हणजे किमान रक्कम भरणं, कारण त्याहून जास्त भरली तर घरखर्चात खड्डा दिसतो आणि गुपित उघडं पडतं. गुपिताचा हप्ता नेहमीच ‘दिसणार नाही एवढा’ असतो, आणि दिसणार नाही एवढ्या हप्त्यानं कर्जही हलत नाही.

आणि आता गुपिताचं खरं व्याज. त्या रात्री कर्जांच्या मागोमाग बचतीही बाहेर आल्या, कारण भांडणात माणूस ‘मी काही अगदीच हा नाही’ हे दाखवायला हातची शिल्लक काढतो. त्याची एक एफडी निघाली, पन्नास हजारांची, सात टक्क्यांची, ‘अडीनडीला’. म्हणजे एकाच गादीच्या डाव्या बाजूला पन्नास हजार सात टक्क्यांनी झोपले होते आणि उजव्या बाजूला पन्नास हजार बेचाळीस टक्क्यांनी जागत होते. डावीकडे महिन्याला मिळत होते २९२ रुपये. उजवीकडे तेवढ्याच रकमेवर जात होते १,७५० व्याज आणि ३१५ जीएसटी मिळून २,०६५. फरक १,७७३. कार्ड दहा महिने थकलेलं होतं असं धरलं, तर ‘सांगायला जीभ रेटत नव्हती’ या एका कारणापायी या घरानं पावणेअठरा हजार रुपये मोजले. एवढ्या पैशांत विवाह समुपदेशकाच्या कितीतरी बैठका झाल्या असत्या, आणि त्यांनीही शेवटी ‘एकमेकांशी बोला’ एवढंच सांगितलं असतं.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो चूक नाही. नवऱ्याच्या कर्जाला बायको, किंवा बायकोच्या कर्जाला नवरा, केवळ लग्न झालं म्हणून बांधील होत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तरच होतो. मग ज्याचं त्यानं पाहावं, असं म्हणायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की कायद्यात दोन माणसं असली तरी डोंबिवलीत तांदळाचा डबा एक असतो. त्याचा हप्ता गेला की भाडं तिच्या पगारातून जातं, भाडं गेलं की कार्डाला किमानच उरतं, आणि अशा रीतीनं त्याच्या लग्नातल्या घोड्याचं भाडं ती बेचाळीस टक्क्यांनी फेडत असते. तिला ते माहीत नसतं इतकंच. जामिनाचा उल्लेख आलाच आहे तर: कबुलीच्या यादीत ‘मी घेतलेलं कर्ज’ एवढाच रकाना ठेवू नये. मित्राच्या पतपेढीच्या कर्जाला चहा पिता पिता केलेली सहीही त्यात यावी, कारण मित्रानं फेडलं नाही तर पतपेढी जामीनदाराकडे अगदी मित्राइतक्याच हक्कानं येऊ शकते.

यादी पुरी करायला दोघांनी आपापला पतअहवाल काढणं बरं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. पण अहवालावर विसंबून राहू नये, कारण त्याला नात्यागोत्यातलं काही कळत नाही. बँकेचा हप्ता दोन दिवस चुकला तर तो टिपून ठेवतो, मामांचे ४५,००० मात्र त्याच्या गावीही नसतात. तिची भिशीही त्यात नव्हती. हो, तिची भिशी होती: ऑफिसातल्या बारा जणी, महिन्याला पाच हजार, आणि पुढच्या महिन्यात साठ हजारांची पाळी तिची. हे ऐकून तो इतका खूश झाला की त्यानं ते साठ हजार बचतीच्या बाजूला लिहून टाकले. इथं बऱ्याच शहाण्यांची गल्लत होते. भिशी उचलेपर्यंत बचत असते. उचलल्यावर ती कर्ज होते. तिची पाळी सातवी, म्हणजे सात वेळा भरलेले पस्तीस हजार तिचे, आणि उरलेले पंचवीस हजार अजून पाळी न आलेल्या पाच जणींचे, पाच महिन्यांत परत करायचे. व्याज शून्य, पण वसुली डबा खाताना समोरासमोर. घरखर्चात भिशीचे पाच हजार आधीच धरलेले असल्यानं योजनेला धक्का लागत नाही, एवढंच समाधान.

आता फेडीचा क्रम. मामांचा फोन परवा येऊन गेला म्हणून आधी मामा, असं मन म्हणतं. हिशेब म्हणतो, ज्याचं व्याज सगळ्यांत जड ते आधी. दोघांनी घरभाडं, घरखर्च, दोन्हीकडच्या आईवडिलांना पाठवायचे पैसे, त्याचा हप्ता आणि भिशी बाजूला काढल्यावर महिन्याला पंधरा हजार निघतात असं ठरलं; तिचे कार्डाचे चार हजार यातच आले. पहिल्या महिन्यात एफडी मोडली. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात झाली; बेचाळीस टक्क्यांपुढे ती किरकोळ. एफडी आणि पंधरा हजार मिळून पासष्ट हजार कार्डावर गेले आणि कार्ड कपाटात, पडद्यांच्या घडीखाली. दुसऱ्या महिन्याचं बिल पंधरा हजारांचं यायला हवं होतं, ते सतरा-साडेसतराचं आलं. ती घाबरली, त्यानं बँकेला शिव्या दिल्या. बँकेची चूक नव्हती. व्याज रोजच्या शिलकीवर चढतं, त्यामुळे पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात उगवतं. सगळं फेडल्यावरही एकदा दोन-तीनशे रुपयांचं असं शेपूट येतं, आणि ‘मी तर पूर्ण भरलं’ म्हणून ते दुर्लक्षित केलं की त्याच शेपटाला दंड लागून नवं जनावर तयार होतं. म्हणून शून्याचं बिल डोळ्यांनी पाहीपर्यंत कार्ड संपलं असं मानू नये.

कार्डानंतर कोण, हा प्रश्न जरा अवघड आहे. नुसता दर पाहिला तर त्याचं सोळा टक्क्यांचं कर्ज तिच्या बारा टक्क्यांच्या आधी यायला हवं. तरी मी पाटल्यांच्या बाजूनं आहे, आणि तेही भावनेनं नव्हे. त्याच्या कर्जाला हप्त्यांची शिस्त आहे. ते आपल्या चालीनं बाविसाव्या महिन्यात संपणारच. स्थिर व्याजाचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक त्यावर शुल्क लावू शकते, आणि चार टक्के शुल्क अधिक जीएसटी धरला तर व्याजात वाचवलेल्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तिथंच जातो. पाटल्यांचं तसं नाही. तिथं अकरा महिने कुणी काही मागत नाही, आणि बाराव्या महिन्यात १,१२,००० एकदम मागतात. नाही दिले तर नोटीस आणि मग लिलाव. गहाण ठेवलेलं सोनं कर्जापेक्षा नेहमीच महाग असतं, सावकार काही भोळा नसतो. त्यामुळे बुडालं तर जास्तीचं बुडतं, आणि लिलावातून उरलेले पैसे परत मिळाले तरी त्यांचा आकार पाटल्यांचा नसतो. म्हणून दुसऱ्या महिन्यात भिशीचे साठ आणि नेहमीचे पंधरा, त्यातून कार्ड संपवून उरलेले साडेसत्तावन्न हजार तारणकर्जात. पुढच्या तीन महिन्यांत पंधरा-पंधरा. तरी मुदतीला जवळजवळ आठ हजार कमी पडतात.

‘बघा, हिशेब कागदावर जमतो, घरात जमत नाही,’ असं म्हणणारे या आठ हजारांची वाटच पाहत असतात. पण कमी पडलेले आठ हजार पाच महिने आधी दिसणं हाच या सगळ्या कागदकामाचा उपयोग आहे. आधी दिसलेली तूट घेऊन सावकाराकडे जाता येतं, साचलेलं व्याज भरून उरलेल्या आठ हजारांना महिनाभर मुदत मागता येते. तूट नोटिशीतून कळली तर बाहेर नवा सावकार शोधावा लागतो. सहाव्या महिन्यात पाटल्या घरी. सातव्यात भिशी संपली आणि आठव्यापासून पंधराचे वीस हजार झाले. मामा नवव्या महिन्यात मोकळे. तोवर मामांना काय सांगायचं? जे आहे ते, तारखेसह. बिनव्याजी कर्जावर व्याज पैशांत नसतं, ते ऐकून घेण्यात असतं. दर सणाला ‘आमच्या वेळी’ पासून सुरू होणारी व्याख्यानं, फ्लॅट बघायला गेलात तर उंचावलेली भुवई. तारीख सांगितली की हे व्याज निम्म्यावर येतं, हा माझा अंदाज; त्याला रिझर्व्ह बँकेचा आधार नाही.

शेवटचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे परतवू शकत नाही. प्रत्येक घरात सगळं सांगणं शहाणपणाचं असतं का? आपल्या आज्या पिठाच्या डब्यात पैसे दडवत असत, आणि कित्येक घरं त्या डब्यावर तरली. ते पैसे सांगितले असते तर आजोबांनी ते घोड्यांवर किंवा भाऊबंदकीच्या खटल्यावर लावले असते. म्हणून लपवलेली बचत आणि लपवलेलं कर्ज यांना मी एका तागडीत घालणार नाही. डब्यातल्या पैशांना व्याज मिळत नाही, पण ते घरावर चढतही नाही. आणि जिथं ‘पैसे कशाला गेले’ या साध्या प्रश्नाला दर वेळी नवं उत्तर येतं, एक कर्ज फिटताच दुसरं उभं राहतं, तिथं जुगार किंवा व्यसन असतं. तिथं मिळून फेडणं म्हणजे पुढच्या कर्जासाठी अंगण झाडून देणं. आपल्या जोडप्याचं सुदैव असं की त्यांच्या प्रत्येक रुपयाचा ठावठिकाणा लागत होता. तो आइस्क्रीम, पडदे, दात आणि फी यांतच सापडत होता. फ्लॅट वर्षभर लांबला, हे खरं. पण चालू हप्ता, थकलेलं कार्ड आणि गहाण सोनं घेऊन गेले असते तर बँकेनंच तो लांबवला असता.

राहता राहिला एक घोळ, तोही योजनेमुळेच झालेला. पाचव्या महिन्यात, म्हणजे पाटल्या यायला चार आठवडे असताना, त्याच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. दोघांनी सगळं मिळून ठरवलं होतं. फक्त थाप मिळून ठरवायची राहिली. पंगतीत आत्यांनी तिचा मनगटापासून कोपरापर्यंत आढावा घेतला आणि विचारलं, “पाटल्या नाही घातल्यास गं?” ती म्हणाली, “लॉकरला आहेत, आत्या.” त्याच क्षणी तो म्हणाला, “पॉलिशला दिल्यात.” आत्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला. “लॉकरमध्ये पॉलिश करून देतात होय हल्ली?” पलीकडे मामा बसले होते. त्यांनी भाच्याकडे पाहिलं, सुनेच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली, आणि आत्यांच्या ताटात आणखी एक लाडू वाढायला सांगितला.